रक्कम जुळली, पण चेक कोणाचा?

प्रश्न: सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. टॅलीत आणि बँक स्टेटमेंटमध्ये रक्कम तीच असते, तारीख मात्र दोन-चार दिवस पुढेमागे. सारख्या रकमा असल्या की कोणती कोणाला लावायची?

उत्तर:

भाऊ, सारख्या रकमा आल्या की तारीख बाजूला ठेवा आणि चेक नंबर धरा. जवळची तारीख बघून लावत गेलात तर मेळ बसेल, पण नावं चुकतील, आणि ती चूक आकड्यात कुठेच दिसणार नाही.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. कापणीचे पैसे म्हणून तीन शेतकऱ्यांना प्रत्येकी 50,000 चे चेक दिले: 27 मार्चला 000412, 28 ला 000415, 30 ला 000419. स्टेटमेंटला 50,000 दोनदाच खर्ची पडले, 30 मार्चला आणि 2 एप्रिलला. क्रमाने लावलं तर 412 आणि 415 वटले, 419 बाकी, असं दिसतं. आता स्टेटमेंटचं वर्णन नीट वाचा. 30 मार्चच्या ओळीत 415 आहे, 2 एप्रिलच्या ओळीत 419. म्हणजे बाकी आहे तो पहिलाच, 412.

दोन्ही पद्धतींनी 31 मार्चला न वटलेले चेक 1,00,000 चेच निघतात आणि एप्रिलअखेर 50,000 चेच. म्हणून शिल्लक जुळली यावर विसंबू नका. ज्याचा 412 हरवला तो शेतकरी पैसे मिळाले नाहीत म्हणत येईल, आणि तुमच्या कागदावर त्याचा चेक वटलेला असेल. त्याहून वाईट म्हणजे, यादी बघून 419 ला स्टॉप पेमेंट द्याल. तो तर कधीच वटून गेलाय, आणि खरा हरवलेला 412 मोकळाच राहील.

एक्सेलमध्ये काम करत असाल तर आधी दुबार रकमा शोधा. रक्कम D कॉलममध्ये असेल तर:

```
=COUNTIF($D$2:$D$500,D2)
```

हे स्टेटमेंटच्या आणि वहीच्या दोन्ही शीटवर चालवा. जिथे दोन्हीकडे 1 येतो, तिथे रकमेवर लावायला हरकत नाही, नाव एकदा बघून घ्या. एका जरी बाजूला 2 किंवा जास्त आला, तर ती ओळ फक्त चेक नंबर किंवा यूटीआर नंबरवरच लावायची. चेक नंबर एकीकडे 000412 आणि दुसरीकडे 412 असा असतो, म्हणून एक्सेलला तो सापडत नाही. दोन्हीकडे `VALUE` लावून साधा आकडा करून घ्या.

वर्णनात नंबरच नसेल तर अंदाज करू नका. वटलेल्या चेकची इमेज बँकेकडे मागा. तोवर ती ओळ न जुळलेली राहू द्या.

तारखेचा उपयोग जोडी लावायला नाही, संशय घ्यायला होतो. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक बँकेत दिवसभर सतत क्लिअर होतात, त्यामुळे आता उशीर बहुतेक बँकेतला नसतो. शेतकरी चेक घरी ठेवतो आणि तालुक्याला येणं झालं की भरतो. म्हणून दिलेल्या चेकला आठ-पंधरा दिवसांचा फरक चालतो. एनईएफटीचं तसं नाही. ती डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते. तुम्ही पाठवलेल्या एनईएफटीत चार दिवसांचा फरक दिसला, तर व्हाउचर आधी लिहिलं आणि पैसे नंतर पाठवले, किंवा ती ओळ दुसऱ्याच कोणाची आहे.

फरक कोणत्या बाजूला आहे तेही बघा. दिल्लीच्या व्यापाऱ्याचे पैसे आधी खात्यात येतात आणि वहीत नंतर चढतात, त्यात वावगं काही नाही. पण चेक वहीत 28 ला लिहिलाय आणि बँकेत 26 ला वटलाय, असं झालं तर थांबा. चेक लिहिण्याआधी वटत नाही. एंट्री उशिरा झाली का, हे चेकबुकच्या काउंटरफॉइलवरून ताडून घ्या.

तारीख जुळावी म्हणून व्हाउचरची तारीख मात्र बदलू नका. टॅलीच्या बँक रिकन्सिलिएशनमध्ये `Bank Date` चा रकाना त्यासाठीच आहे, बँकेची तारीख तिथे टाका. 419 चं व्हाउचर 2 एप्रिलला नेलंत, तर 31 मार्चला त्या शेतकऱ्याचं देणं 50,000 नी जास्त दिसेल आणि त्याच्याशी खातं जुळवताना वाद होईल.

412 चं आता असं करा. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. शेतकऱ्याला आजच फोन लावा. चेक सापडला तर भरायला सांगा. हरवला असेल तर 412 लाच स्टॉप पेमेंट द्या, मग बँक नावे आणि शेतकरी जमा अशी उलट एंट्री करा, आणि त्यानंतरच नवीन चेक फाडा.