एसीची वाढीव वॉरंटी: सही करण्याआधी

नवा एसी घेताय? अभिनंदन! पण वाढीव वॉरंटी विकताना काउंटरवरच्या पोराने 'सगळं कव्हर आहे' म्हटलं तरी लगेच पैसे देऊ नका. आधी कंपनीचं वॉरंटी कार्ड वाचा. बहुतेक कंपन्या कॉम्प्रेसरला तशीही दहा वर्षं देतात. म्हणजे जादा पैसे खरं तर कॉइल, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि फॅन मोटर यांसाठी जातात.

आता अटींचा कागद मागा, माहितीपत्रक नव्हे. 'समाविष्ट नाही' या मथळ्याखाली दोनच शब्द शोधा: गंज आणि गॅस.

गोव्यात कळंगुटला आमचं घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. खाऱ्या वाऱ्याने तिसऱ्या वर्षी बाहेरच्या युनिटची कॉइल खाल्ली, गॅस गळला. आम्ही ३,५०० रुपये भरून वाढीव वॉरंटी घेतली होती. मेकॅनिकने कॉइलवरचे हिरवे-पांढरे डाग बघून रिपोर्टात 'गंज' लिहिलं आणि दावा तिथेच संपला. बोर्ड जळला असता तर मिळालं असतं, पण तिथेही व्होल्टेजच्या चढउताराची अट होतीच. स्टॅबिलायझरची पावती तेवढी जपून ठेवा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे तारखा न बघणं. वाढीव मुदत कंपनीची संपल्यावर सुरू होते की खरेदीच्या दिवसापासून? दुसरं असेल तर पहिल्या वर्षाचे पैसे दोनदा जातात.

किनाऱ्यापासून दूर, फोंडा, डिचोलीकडे राहत असाल आणि पीसीबी कंपनीच्या वॉरंटीत नसेल तर घ्यायला हरकत नाही. किनाऱ्यावर गंज वगळला असेल तर मी घेणार नाही. त्या पैशांत पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने कॉइल धुऊन घेईन.