टॅग केलेला फोटो आपल्या पेजवर टाकताना

"माझं पैठण्यांचं इन्स्टाग्राम पेज आहे. गिऱ्हाइकं साडी नेसून फोटो टाकतात आणि आम्हाला टॅग करतात. मग तेच फोटो आमच्या पेजवर टाकायला वेगळी परवानगी कशाला? खाली 'फोटो सौजन्य' लिहिलं की झालं ना?"

नाही, तेवढ्यानं भागत नाही. टॅग करून तिनं आपल्या ओळखीच्यांना साडी कुठून घेतली ते सांगितलं, फोटो तुमच्या दुकानाला वापरायला दिलेला नाही. आणि 'सौजन्य' लिहिल्यानं फोटो कुणाचा ते कळतं, विचारायचं राहिलं ते राहिलंच.

मी काही लहान दुकानांची पेजेस सांभाळते. तिनं स्टोरीत तुमचा उल्लेख केला असेल आणि इन्स्टाग्रामनंच तुम्हाला 'Add to your story' दाखवलं असेल, तर मी वेगळं विचारत बसत नाही. तिचं नाव आपोआप दिसतं, २४ तासांत स्टोरी जाते. पण फोटो उतरवून घेऊन, खाली किंमत आणि ऑर्डरचा नंबर लिहून पोस्ट केला की तो वर्षानुवर्षं तुमची साडी विकत राहतो. तिथे विचारायलाच हवं.

पैठणीच्या धंद्यात खरी गुंतागुंत लग्नाच्या फोटोंची. समजा, नवरीनं फोटो टाकला, तुम्हाला टॅग केलं आणि कॅप्शनच्या शेवटी कॅमेऱ्याचं चित्र काढून फोटोग्राफरचं नाव दिलं. आता विचारायचं कुणाला? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. मात्र पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे बऱ्याचदा नवरीचे वडील! त्यातून फोटोग्राफरशी करार झाला असेल तर त्यात काय लिहिलंय ते बघावं लागतं, आणि तो करार तुमच्यापुढे नसतो. म्हणून मी दोघांनाही विचारते, आधी नवरीला, कारण चेहरा तिचा आहे. तिनं होकार दिला की फोटोग्राफरला. नाव नीट दिलं तर साध्या पोस्टला बरेच जण लगेच हो म्हणतात. पैसे भरून जाहिरात चालवणार असाल तर काही जण मोबदला मागतात, आणि त्यात गैर काही नाही.

मेसेज मोघम नको. 'तुमचा फोटो शेअर करू का?' याला ती हो म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे स्टोरी असते, तुमच्या डोक्यात दिवाळीची जाहिरात. मी साधारण असं लिहिते: 'नमस्कार, तुमचा मोरपंखी पैठणीतला रविवारचा फोटो आमच्या इन्स्टाग्राम पेजवर पोस्ट म्हणून टाकायचा आहे. तुमचं नाव पहिल्या ओळीत देऊ, फोटोत बदल करणार नाही. जाहिरातीत वापरायचा झाल्यास पुन्हा विचारू. चालेल का? नंतर काढायला सांगितलंत तर काढून टाकू.' अनोळखी दुकानाचा मेसेज तिच्याकडे 'Message requests' मध्ये पडून राहू शकतो, म्हणून तिच्या पोस्टखाली 'मेसेज केलाय, सवडीनं बघाल का?' एवढं लिहावं. तरीही उत्तर आलं नाही तर फोटो सोडून द्यायचा. 'दोन दिवसांत कळवलं नाही तर होकार समजू' असली वाक्यं लिहू नका. होकार आला की फोटो आणि संभाषण एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण पाठवलेला मेसेज परत घेता येतो.

श्रेय द्यायचं तर दिसेल असं द्या. लांब कॅप्शन 'more'खाली दुमडलं जातं, त्यामुळे हॅशटॅगांच्या ढिगाऱ्यात पुरलेलं नाव कुणी वाचत नाही. पहिल्या ओळीत दोघांची हँडल्स लिहा आणि फोटोवरही टॅग करा. 'फोटो: इंटरनेटवरून' हे श्रेय नव्हे. कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव कापून तिथे दुकानाचा लोगो चिकटवणं तर साफ चुकीचं. साडीचा रंग उठावदार दिसावा म्हणून फिल्टरही लावू नका. फोटोग्राफर चिडतो, आणि गिऱ्हाईक 'फोटोत वेगळाच रंग होता' म्हणून साडी परत पाठवतं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या अभिप्रायाचंही असंच. त्याचा स्क्रीनशॉट टाकायचाही विचारूनच, आणि तिला नाव द्यायचंय का तेही विचारायचं. नको म्हणाली तर नाव, नंबर, डीपी झाका. नुसतं धूसर केलेलं पुष्कळदा वाचता येतं, त्यावर सरळ भरीव पट्टी ओढा. शब्दही सोयीनं कापू नयेत. 'पदर अप्रतिम, पण पार्सल आठवडाभर उशिरा आलं' यातला फक्त पदर पेजवर आला, तर ती बाई त्याच पोस्टखाली उरलेलं वाक्य लिहून जाईल.