पेटंटच्या क्लेमचा सारांश: एकही अट न गाळता

प्रश्न: माझे वडील निफाड-पिंपळगाव भागात कांदाचाळींना पंखे आणि कंट्रोल पॅनल बसवून देतात, वर्कशॉप अंबडला आहे. एका कंपनीचं पत्र आलंय की तुम्ही आमच्या पेटंटचं उल्लंघन करताय. मी कॉमर्सची, पेटंट दोनदा वाचलं पण काही हाती लागलं नाही. क्लेम्सचा सारांश कसा काढायचा, म्हणजे नक्की कशावर हक्क आहे ते बाबांना सांगता येईल?

उत्तर: मी नाशिकमध्येच पेटंटचे मसुदे लिहिण्याचं काम करतो. अशी पत्रं घेऊन वर्कशॉपवाले येतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा पेटंटचं शीर्षक बसलेलं असतं. "कांदा साठवणुकीची स्वयंचलित हवा खेळती ठेवणारी यंत्रणा" असं शीर्षक वाचलं की वाटतं, चाळीत ऑटोमॅटिक पंखा लावणंच आता बंद. शीर्षक, सुरुवातीचा 150 शब्दांच्या आतला गोषवारा, आकृत्या, पानंच्या पानं वर्णन, यातून कोणता हक्क मागितला आहे ते ठरत नाही. हक्काची हद्द शेवटी क्रमांक घालून दिलेल्या क्लेममध्येच असते. वर्णन आणि आकृत्या त्या क्लेममधल्या शब्दांचा अर्थ लावायला उपयोगी पडतात, तेवढंच.

वाचायला बसण्याआधी एक तपासा. भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर InPASS नावाचा मोफत शोध आहे, तिथे पत्रातला नंबर टाका. अर्ज नुसता प्रसिद्ध झालाय की पेटंट मंजूर झालंय, ते तिथे दिसतं. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा दावा कोर्टात लावता येत नाही. मंजूर झालं असेल तर वार्षिक फी भरून ते चालू ठेवलंय का, हेही पाहा. फी थकून पेटंट रद्दबातल झालेलं असू शकतं. मुदत अर्ज दाखल केल्यापासून 20 वर्षं असते. आणि क्लेम मंजूर झालेल्या प्रतीतलेच वाचा. प्रसिद्ध झालेल्या प्रतीत ते बरेचदा जास्त व्यापक असतात, छाननीत त्यांना कात्री लागते.

आता क्लेमकडे. तुमचं पेटंट माझ्यासमोर नाही, म्हणून त्याच धाटणीचा एक क्लेम मी स्वतः रचून घेतो. समजा क्लेम 1 असा आहे: "कांदा साठवणुकीची यंत्रणा, जिच्यात समाविष्ट आहे: जाळीदार तळाची चाळ, त्या तळाखालून हवा सोडणारा पंखा, कांद्याच्या ढिगाच्या आत, तळापासून किमान 60 सेंमी उंचीवर बसवलेला आर्द्रता सेन्सर, आणि ढिगातली आर्द्रता बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असेल तेव्हाच पंखा सुरू करणारा नियंत्रक."

कुणीही याचा सारांश "आर्द्रतेनुसार चालणाऱ्या पंख्याचं पेटंट" असा करेल. तो चुकीचा आहे, आणि बाबांना विनाकारण घाबरवणारा आहे. इतर लिखाणात सारांश करताना तपशील गाळले तरी अर्थ टिकतो. क्लेममध्ये एक अट गाळली की कागदावर नसलेला हक्क तुम्हीच समोरच्याला देऊन टाकता. कारण उल्लंघन ठरण्यासाठी क्लेममधली प्रत्येक अट तुमच्या मालात असावी लागते. चारपैकी तीन असून चालत नाही. म्हणजे क्लेम जितका लांबलचक, तितकी हद्द लहान. घाबरायचं ते चार ओळींच्या क्लेमला.

म्हणून एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे क्लेमची एकेक अट घरगुती मराठीत लिहा, उजवीकडे बाबांच्या पॅनलमध्ये ती आहे की नाही ते, फोटोसकट. वरच्या उदाहरणात डावीकडे येईल: तळ जाळीचा. पंखा तळाखालून हवा सोडतो. सेन्सर ढिगाच्या आत, तळापासून 60 सेंमी किंवा अधिक उंच. आतल्या आणि बाहेरच्या आर्द्रतेची तुलना होते. आणि आतली जास्त असेल फक्त तेव्हाच पंखा लागतो. शेवटची अट लोक वाचून सोडून देतात, पण सगळा जीव तिच्यात आहे. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा पंखा लावला तर कांदा सुकण्याऐवजी ओलावा धरतो. हे टाळणं हाच त्या माणसाचा शोध. नुसता पंखा आणि जाळीचा तळ पूर्वीपासून आहेत.

बाबांचं पॅनल टायमरवर सकाळी दोन तास पंखा लावत असेल, तर ढिगातला सेन्सर नाही आणि तुलनाही नाही. या क्लेमच्या शब्दांत ते बसत नाही. सेन्सर ढिगात असेल पण पॅनल फक्त आतला आकडा बघून पंखा लावत असेल, तरी शेवटची अट सुटते. मात्र बाबांनी क्लेममधलं सगळं तसंच ठेवून वर मोबाइल अलार्म जोडला असेल, तर सुटका नाही. "समाविष्ट आहे" या शब्दांनी सुरू होणाऱ्या यादीत तुम्ही भर घातली तरी मूळ यादी पूर्णच राहते.

मग क्लेम 2, 3, 4 येतात. "क्लेम 1 प्रमाणे यंत्रणा, ज्यात पंखा सौरऊर्जेवर चालतो" असं वाचून सोलर पंख्यावर हक्क आहे असं समजू नका. यात क्लेम 1 मधल्या सगळ्या अटी आहेतच, वर सोलरची एक जास्त. क्लेम 1 मध्ये तुम्ही बसत नसाल तर त्याच्यावर टेकलेल्या क्लेममध्येही बसत नाही. पण पुढे कुठे "क्लेम 1 प्रमाणे" असा आधार न घेता सुरू होणारा स्वतंत्र क्लेम आहे का, ते पाहा. कांदा साठवण्याच्या पद्धतीवरचा असा क्लेम अनेकदा शेवटी असतो. त्याचा वेगळा कागद करा.

कोणती अट जड आहे हे कळायला InPASS वरचा फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने घेतलेले आक्षेप, आणि त्याला अर्जदाराने दिलेलं उत्तर उघडा. अधिकाऱ्याने जुनी यंत्रणा दाखवल्यावर अर्जदार स्वतः लिहितो की आमचं वेगळेपण अमुक आहे. तिथे "सेन्सर ढिगाच्या आत असणं हेच महत्त्वाचं" असं लिहिलेलं सापडलं, तर छताला टांगलेला सेन्सरही त्यातच येतो असं नंतर म्हणणं त्यांना जड जातं.

या सगळ्यातून बाबांना सांगायचं वाक्य असं होईल: "जाळीच्या तळाखालून पंख्याने हवा सोडणारी, ढिगाच्या आत 60 सेंमीपासून वर सेन्सर असलेली आणि आतला ओलावा बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच पंखा लावणारी चाळ त्यांच्या परवानगीशिवाय बनवायची, वापरायची, विकायची किंवा आयात करायची नाही. यातलं एक जरी नसेल, तर शब्दशः उल्लंघन नाही." वाक्य लांब आहे, पण ते याहून छोटं करू नका.

"शब्दशः" म्हणण्याला कारण आहे. 60 ऐवजी 55 सेंमीवर सेन्सर लावला, काम तेच, रीत तीच, परिणाम तोच, तर कोर्ट त्याला समतुल्य मानू शकतं. उजव्या रकान्यात असं "जवळजवळ आहे" लिहावं लागलं, तर तेवढी ओळ पेटंटच्या वकिलाकडे न्या आणि त्याआधी पत्राला स्वतः उत्तर देऊ नका. जाताना बाबांची जुनी बिलं आणि चाळींचे तारखेसह फोटोही सोबत घ्या. त्यांनी तशीच यंत्रणा कंपनीने अर्ज दाखल करण्याच्या तारखेआधी उघडपणे बसवून दिली असेल, तर प्रश्न उल्लंघनाचा राहत नाही, ते पेटंटच टिकतं का याचा होतो.