अधिभार आणि उपकर: मूळ दर का वाढवत नाहीत?

प्रश्न: प्राप्तिकरावर वरून सरचार्ज आणि सेस कशाला? सरळ मूळ दरच का वाढवत नाहीत?

खरी मेख वाटपात आहे. मूळ प्राप्तिकर केंद्राला राज्यांसोबत वाटून घ्यावा लागतो. सध्या राज्यांचा वाटा 41 टक्के आहे. अधिभार आणि उपकर मात्र घटनेच्या कलम 270 नुसार या वाटपाबाहेर राहतात, म्हणजे सगळे पैसे केंद्राकडेच.

उदाहरण घ्या. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी करपात्र उत्पन्न 60 लाख असेल तर मूळ कर 13,80,000 रुपये. उत्पन्न 50 लाखांच्या वर गेल्यामुळे त्या करावर 10 टक्के अधिभार, म्हणजे 1,38,000. मग दोन्हींच्या बेरजेवर 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकर, 60,720. (होय, अधिभारावरही उपकर!) वरचे एकूण 1,98,720 रुपये. हीच रक्कम दर वाढवून घेतली असती, तर साधारण 81,000 राज्यांकडे गेले असते.

शिवाय कागदावर कमाल दर 30 टक्केच दिसतो आणि अधिभाराचा भार फक्त वरच्या उत्पन्नगटावर टाकता येतो. उपकर ठरावीक कामासाठी असतो, अधिभाराला तेही बंधन नाही. यात आपला वाटा बुडतो, ही राज्यांची तक्रार मला तरी रास्त वाटते.