पूर्वेला जास्त, पश्चिमेला कमी: दोष डीआयचा नसावा

प्रश्न: स्टुडंट पायलट आहे, ४० तास झालेत. रनवेवर डीआय, म्हणजे जायरोवर चालणारा दिशादर्शक, नीट सेट करतो. पूर्वेकडे उडताना कंपास डीआयपेक्षा १२ अंश जास्त दाखवतो, परतताना पश्चिमेकडे तेवढाच कमी. उत्तरेला तोंड असताना दोन्ही जुळतात. सर म्हणतात, डीआय ड्रिफ्ट होतो, दर १५ मिनिटांनी कंपासवरून सेट करत जा. शिवाय उत्तरेकडून वळायला लागलो की कंपास आधी उलटा का फिरतो? कंपास खराब आहे का?

उत्तर:

तुमचं "पूर्वेला जास्त, पश्चिमेला कमी" वाचलं आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, हौशी वैमानिक आहे. विमानात काय करायचं ते तुमच्या सरांना विचारूनच करा. पण हा आजार मी भोगलाय.

आमच्याकडे देशावरच्या पट्टीवरून माझी सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकट्याने लांबचं उड्डाण, होती. पहिला टप्पा जवळजवळ सरळ पूर्वेला, हेडिंग ०९०. रनवेच्या दिशेवरून डीआय सेट केला, उडालो, सरळ पातळीत आलो. पंधरा मिनिटं झाल्यावर शिकवल्याप्रमाणे कंपास बघितला तर १०४. डीआय मात्र ०९०. मी शहाण्यासारखा डीआय फिरवून १०४ वर आणला आणि मग ०९० धरण्यासाठी विमान १४ अंश डावीकडे वळवलं. म्हणजे बरोबर असलेलं यंत्र मीच बिघडवलं आणि त्या क्षणापासून माझं विमान ०७६ ला चाललं होतं.

९० नॉटच्या वेगाने २० मिनिटांत ३० नॉटिकल मैल झाले. साठ मैलांना एका अंशामागे एक मैल हा हिशेब लावा: ३० मैलांना १४ अंश म्हणजे मार्गापासून ७ मैल बाजूला. एप्रिलमधला धुरकट उजेड, पाच-सहा किलोमीटरपलीकडचं काही दिसत नाही. डाव्या पंखाखाली यायचा तलाव आलाच नाही. शेवटी एक रेल्वेलाइन सापडली, ती धरून शहरापर्यंत गेलो, जागा ओळखली आणि रुळांच्याच आधाराने घरी आलो. ती क्रॉस कंट्री धरली गेली नाही, पुन्हा उडावी लागली, पैसे माझेच.

इथे जरा थांबून हिशेब करा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जायरो आपली दिशा अवकाशात धरून ठेवतो, त्यामुळे खालची पृथ्वी फिरली की डीआय मागे पडल्यासारखा दिसतो. हा ड्रिफ्ट १५ गुणिले अक्षांशाच्या साइनइतका असतो. आपल्याकडे १८-१९ अक्षांशावर तो तासाला साधारण ५ अंश येतो, म्हणजे पंधरा मिनिटांत सव्वा अंश. बेअरिंगचं घर्षण धरून थोडं वाढेल, जायरो फिरवणारं सक्शन कमी असेल किंवा जायरो झिजला असेल तर बरंच वाढेल. पण ते वेळेनुसार वाढत जाईल. तुमचा फरक वेळेनुसार वाढत नाही, तोंड फिरवलं की चिन्ह बदलतो, आणि उत्तरेला शून्य होतो. वेळेबरोबर वाढणारा फरक डीआयचा, हेडिंगबरोबर बदलणारा कंपासचा. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

व्हेरिएशनमध्ये दोष शोधू नका. खऱ्या उत्तरेत आणि चुंबकीय उत्तरेत महाराष्ट्रात एक अंशाचाही फरक नाही. (ॲरिझोनात शिकणाऱ्या मित्रांना तिथला १० अंश पूर्व विसरून चालत नाही, आपण सुखी आहोत.) शिवाय व्हेरिएशन हेडिंगनुसार बदलत नाही, जागेनुसार बदलतं, आणि तुमच्या डीआयवर रनवेची चुंबकीय दिशाच लावलेली असते.

आता दुखरी जागा. मी परत येऊन मेंटेनन्सच्या कार्यालयात तक्रार लिहिली. उत्तर, "तपासले, ठीक आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा, तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी मागे उभा राहिलो. विमान एप्रनवर उत्तरेला तोंड करून उभं, इंजिन बंद, सगळे स्विच बंद. एक गृहस्थ आले, कंपासकडे बघितलं, ०००, सही. जो दोष उत्तरेला दिसतच नाही तो उत्तरेलाच बघायचा! कंपासखालच्या करेक्शन कार्डवरची, म्हणजे कोणत्या हेडिंगला कंपास किती चुकतो त्या तक्त्यावरची, तारीख बघायला सांगितली तर "ते असू द्या." नाव घेत नाही, पण आजही आठवलं की रक्त खवळतं.

अखेर दुसऱ्या एका इंजिनिअरने विचारलं, अलीकडे काय बदललंय? ग्लेअरशील्ड बदललं होतं आणि बसवताना कंपासच्या पुढेच दोन लोखंडी स्क्रू लावले होते, चुंबक झालेले. तिथे पितळी किंवा दुसरे न चुंबकणारे लागतात. चुंबक विमानाच्या नाक-शेपटीच्या रेषेत असला की उत्तर-दक्षिणेला तो पृथ्वीच्या क्षेत्राच्या रेषेतच ओढतो, म्हणून सुई वळत नाही. पूर्व-पश्चिमेला आडवा ओढतो, आणि दोन्हीकडे उलट्या बाजूंनी. तुमचं चित्र हुबेहूब हेच आहे. स्क्रू बदलले, कंपास स्विंग केला, म्हणजे विमान वेगवेगळ्या हेडिंगला वळवून कंपास तपासून जुळवला, नवीन कार्डवर कुठेही २-३ अंशांपेक्षा जास्त उरलं नाही. लहान विमानांत कोणत्याही हेडिंगला १० अंशांपेक्षा जास्त डेव्हिएशन, म्हणजे विमानातल्याच चुंबकत्वामुळे येणारी कंपासची चूक, राहू नये असा दंडक आहे, तुमचे १२ त्यात बसत नाहीत.

त्याआधी स्वतःचं सामान मात्र बघा. टॅब्लेटच्या कव्हरमधले चुंबक, मोबाइलचा चुंबकी होल्डर, हेडसेट ग्लेअरशील्डवर टाकण्याची सवय, चुंबकी झडपेची चष्म्याची डबी. जमिनीवर सरळ उभे असताना एक-एक वस्तू दूर करा आणि पिटो हीट, लँडिंग लाइट, रेडिओ एकेक चालू-बंद करा. कंपास हलला तर चोर सापडला.

उलटं फिरण्याबद्दल: तो दोष नाही, स्वभाव आहे. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे जमिनीत झुकलेलं आहे. विमान कललं की कंपासची चकतीही कलते, आणि त्या खालच्या ओढीने तिचं उत्तर टोक आत वळतं. म्हणून उत्तरेकडून वळताना कंपास आधी उलटा फिरतो किंवा मागे राहतो, दक्षिणेकडून वळताना पुढे पळतो. पूर्व-पश्चिमेला वेग वाढवला की उत्तरेकडे वळल्याचा भास, कमी केला की दक्षिणेकडे. अमेरिकी पुस्तकांतले आकडे जसेच्या तसे लावू नका, तिथे झुकाव बराच जास्त आहे. तिरुनेलवेलीकडे जाल तसा तो जवळपास नाहीसा होतो. १९६३ साली थुंब्याला रॉकेटतळ झाला तो चुंबकीय विषुववृत्त जवळ म्हणूनच. जायरोला या झुकावाचं काही पडलेलं नाही, म्हणून वळणात आणि धक्क्यांत आपण डीआय बघतो. त्याला उत्तर कुठे हे माहीत नसतं, ते कंपासच सांगतो, पण सरळ, पातळीत आणि स्थिर वेगात असतानाच.

तेव्हा सध्या, सरांची क्षमा मागून, या विमानात डीआय कंपासवरून जुळवू नका असं माझं मत आहे. ठिकाणं, नद्या, रेल्वे यांच्यावरून पडताळा. आणि टेक्निकल लॉगमध्ये "कंपास बरोबर नाही" असं लिहू नका, त्यावर "ठीक आहे" असंच येतं. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, चारही हेडिंगला डीआय किती, कंपास किती, रेडिओ चालू की बंद, असे आकडे लिहा. कोणीही सही करायला आला तर त्याला निदान विमान पूर्वेला वळवावं लागेल.