प्रिस्क्रिप्शनवरचं ५/७ : आठवड्यातले पाच दिवस नव्हेत

प्रश्न : आईच्या दाढेला सूज आहे. दादरच्या डेंटिस्टने लिहून दिलेल्या कागदाचा फोटो भावाने पाठवलाय. त्यात अमॉक्सिसिलिन ५०० पुढे ‘टीडीएस × ५/७’, पॅन्टोप्राझोल ४० पुढे ‘ओडी एसी × ५/७’ आणि पॅरासिटामॉल ६५० पुढे नुसतं ‘एसओएस’ आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस द्यायचं आणि शनिवार-रविवार सुट्टी का? आणि एसओएस म्हणजे अगदी तातडीलाच का?

उत्तर : सुट्टी नाही. सलग पाच दिवस द्यायचं आणि थांबवायचं.

तो अपूर्णांक नाहीच. तिरप्या रेघेखालचा आकडा फक्त एकक सांगतो. खाली ७ असेल तर वरचा आकडा दिवसांचा, खाली ५२ असेल तर आठवड्यांचा आणि १२ असेल तर महिन्यांचा. म्हणून २/५२ म्हणजे दोन आठवडे आणि ३/१२ म्हणजे तीन महिने. आठवड्यात सात दिवस, वर्षात बावन्न आठवडे, बारा महिने, एवढंच त्यामागचं गणित. ही इंग्रजी डॉक्टरांची जुनी सवय. आपल्याकडे बरेच जण सरळ ‘५ दिवस’ लिहितात, त्यामुळे ५/७ दिसलं की घरचे गोंधळतात.

ताळा करायला केमिस्टने दिलेल्या गोळ्या मोजा. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. इन्कम टॅक्सच्या टीडीएसशी त्याचा संबंध नाही, हे ‘तेर दिए सुमेंदुम’ या लॅटिन शब्दांचं लघुरूप. तीन गुणिले पाच, म्हणजे पंधरा कॅप्सूल. भावाच्या पिशवीत दहाची एक पट्टी आणि कापलेली पाच असतील, तर अर्थ बरोबर लागला. पॅन्टोप्राझोलच्या पाचच गोळ्या असायला हव्यात. आकडा जुळला नाही तर फोटोकडे पुन्हा बघा. घडी नेमकी रेघेवर पडली तर ५/७ चं ५१७ दिसतं, आणि कडेचा भाग कापला गेला तर मुदतच गायब होते. तरीही जुळेना, तर अंदाज न बांधता दवाखान्यात फोन करा.

‘दिवसातून तीनदा’ म्हणजे तीन जेवणांना, असं आपण परस्पर ठरवतो. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री नऊ अशा वेळा धरल्या तर रात्री अकरा तासांचा खंड पडतो. अँटिबायोटिकच्या बाबतीत अंतर साधारण सारखं असलेलं बरं, म्हणजे सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. अमॉक्सिसिलिन जेवणाआधी किंवा नंतर कसंही चालतं, त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर या वेळा ठेवायला हरकत नाही. चुकते ती हमखास दुपारची. घरातले सगळे कामाला गेलेले असतात आणि आई एकटीच घरी. तीनचा गजर लावून ठेवा.

पॅन्टोप्राझोलपुढचं ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, आणि ‘एसी’ म्हणजे ‘आन्ते सीबुम’, खाण्याआधी. प्रत्यक्षात सकाळच्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी. ‘पीसी’ असतं तर खाल्ल्यानंतर. एक सावधगिरी : डोळ्यांच्या कागदावर हेच ‘ओडी’ उजवा डोळा असू शकतं आणि ‘ओएस’ डावा. आईचे मोतीबिंदूचे जुने कागद त्याच फाइलमध्ये असतील तर हे लक्षात ठेवा.

आता एसओएस. जहाज बुडताना पाठवायचा संदेश इथे नाही. ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडली तर. दुखलं तर द्यायची, नाही दुखलं तर नाही. घरोघरी दोन टोकं दिसतात : कुणी ‘इतकं काही तातडीचं नाही’ म्हणून कळ सोसत बसतं, तर कुणी घड्याळ लावून दिवसातून तीनदा देतं. दोन्ही चूक.

पण या तीन अक्षरांत एक पोकळी आहे. गरज कशाची, दोन गोळ्यांत अंतर किती आणि दिवसात जास्तीत जास्त किती, यातलं काहीच त्यात येत नाही. तुमच्या फोटोतही नाही. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास जायला हवेत, आणि सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांतही तेच औषध असतं, म्हणजे नकळत दुप्पट जाऊ शकतं. म्हणून डेंटिस्टला एवढंच विचारा : ‘एसओएस कशासाठी, दुखण्याला की तापाला? आणि दिवसात जास्तीत जास्त किती?’ आईला यकृताचा त्रास असेल किंवा आधीच्या काही गोळ्या चालू असतील तर तेही त्याच फोनवर सांगा. उत्तर मिळालं की पट्टीच्या मागे मराठीत लिहून ठेवा : ‘दुखलं तरच.’