बेलारूशियन निबंधात ऐकू येतं तसंच लिहिलं तरी चुका का निघाल्या?

"निबंधात 'न्या वेदायु' (मला माहीत नाही) आणि 'व्यास्नावी' (वसंतातला) लिहिलं, टीचरनी दोन्ही लाल केलं. ऐकू तर तसंच येतं ना?"

ऐकू बरोबर येतंय, पण ऐकून लिहायची सवय इथे अर्धवटच चालते. आघात नसलेला 'ओ' लिहितानाही 'आ' होतो, म्हणजे 'वोदी' (पाण्याचं अनेकवचन) पण 'वादा' (पाणी), तिथे कान पुरतो, खरी अडचण 'ये'ची आहे. तो 'या' फक्त आघाताच्या लगेच आधीच्या अक्षरात होतो. 'व्यास्ना'मध्ये आघात शेवटच्या 'ना'वर म्हणून 'व्या' बरोबर, पण 'व्येस्नावी'त आघात सरकून 'वी'वर गेला, आता मध्ये 'ना' आलं, म्हणून परत 'व्ये' लिहायचं.

मग 'वेदायु'त आघात 'वे'वर आहे, 'न्ये' त्याच्या लगेच आधी, तरी चूक का? कारण नकाराचा 'न्ये' आणि 'ब्येज' (शिवाय) हे वेगळे शब्द, उच्चार 'न्या' झाला तरी सरकारी स्पेलिंगमध्ये कायम 'ये'नेच लिहितात. जुन्या ताराश्केविचा पद्धतीत मात्र 'न्या' लिहितात, त्यामुळे तसल्या वेबसाइट वाचत असशील तर गोंधळ होणारच. निबंध तपासताना आधी प्रत्येक शब्दाचा आघात खुणव, मग फक्त त्याच्या आधीचं अक्षर बघ.